राणी घेतली, पण ती आपली कधी झाली?

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मुलांच्या सुटीसाठी आम्ही घरी मोठा कॅरम बोर्ड आणला. नियम मात्र कोणीच नीट शिकलेले नाही. सासरे म्हणतात, राणी घेतली की डाव संपेपर्यंत केव्हाही कव्हर दिले तरी चालते. वडोदऱ्याहून आलेला भाचा म्हणतो, लगेच दिले पाहिजे. स्ट्रायकर पडला की कोणी एक गोटी काढते, कोणी दोन, आणि त्यानंतर पाळी राहिली की गेली यावर रोज वाद होतो. राणी, कव्हर आणि फाउल यांचे खरे नियम समजावून सांगाल का? — एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपल्या घरातील वादाचा निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे शांतपणे वाचता येईल: कव्हरच्या बाबतीत भाच्याचे म्हणणे बरोबर आहे. राणी घेतल्यानंतर लगेचच्या पुढच्या फटक्यात स्वतःच्या रंगाची सोंगटी पॉकेटमध्ये गेली पाहिजे, नाही तर राणी परत बोर्डाच्या मध्यावर जाते. सासऱ्यांचे म्हणणे चुकीचे असले तरी ते कोठून आले असावे याचा अंदाज करता येतो. आपल्याकडे घरोघरी दोन निरनिराळे खेळ एकाच बोर्डावर खेळले जातात आणि त्यांचे नियम एकमेकांत मिसळतात.

पहिला खेळ पॉइंटचा. त्यात कोणाचाही ठरलेला रंग नसतो. काळीचे १०, पांढरीचे २० आणि राणीचे ५० असे काहीतरी गुण ठरवून ज्याला जे मिळेल ते तो घेतो. या खेळाचे आकडे आणि नियम घरागणिक बदलतात, राणीला कव्हर कधी द्यायचे हेही घरागणिक बदलते, आणि त्यात कोणाला चूक ठरवता येत नाही. दुसरा खेळ म्हणजे स्पर्धांत खेळला जाणारा: एका बाजूला ९ पांढऱ्या, दुसऱ्या बाजूला ९ काळ्या आणि दोघांना सामाईक अशी १ राणी. त्याचे नियम लिहिलेले आहेत आणि १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाच्या नियमांनुसार तो देशोदेशी सारखाच खेळला जातो. आपण विचारलेले प्रश्न या दुसऱ्या खेळाचे आहेत, म्हणून मी पुढे त्याबद्दलच लिहीत आहे. बोर्ड मांडताना आज कोणता खेळ खेळायचा आहे हे एकदा मोठ्याने ठरवून घ्यावे. पॉइंटच्या खेळाचा एखादा नियम रंगाच्या डावात मध्येच आणला की कोणाचेच समाधान होत नाही.

रंगाच्या डावात नाणेफेक जिंकणाऱ्याने ब्रेक करायचे ठरवले तर त्याच्याकडे पांढऱ्या सोंगट्या येतात, कारण ब्रेक करणाऱ्याचा रंग नेहमी पांढरा असतो. आपल्या सर्व सोंगट्या आधी संपवणारा तो डाव जिंकतो. मात्र राणी बोर्डावर असेपर्यंत कोणालाही डाव संपवता येत नाही, आणि राणीचे महत्त्व तिच्या गुणांपेक्षाही या अटीमुळे अधिक आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. घरच्या खेळात वाद का होतात याचे माझ्या मते एकच कारण आहे: एका फटक्यात दोन-तीन गोष्टी एकदम घडतात आणि सर्वजण त्या सगळ्यांचा निकाल एका वाक्यात लावू पाहतात. स्ट्रायकर पडला म्हणजे पाळी गेली, असे एक जण म्हणतो. पण सोंगटीही पडली ना, मग पाळी राहिली, असे दुसरा म्हणतो. खरे पाहता पाळी आणि दंड या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि त्यांचा निकालही स्वतंत्रपणे लावायचा असतो. फटका नियमाप्रमाणे मारला असेल तर पाळी राहिली की गेली हे केवळ एका गोष्टीवरून ठरते: आपली हक्काची सोंगटी पॉकेटमध्ये गेली की नाही. दंड द्यायचा की नाही हे दुसऱ्या गोष्टीवरून ठरते: स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला की नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत मिसळू दिली नाहीत तर आपल्या घरातील निम्मे वाद तेथेच संपतील.

हे चारही प्रकारांनी तपासून पाहू. आपली सोंगटी गेली आणि स्ट्रायकर बोर्डावर राहिला, तर पाळी चालू राहते आणि दंड नाही. याविषयी कोणाचेच दुमत नसते. काहीच गेले नाही, तर पाळी संपली आणि दंड नाही. फक्त स्ट्रायकर गेला, तर पाळी संपली आणि शिवाय दंड म्हणून आपण आधी मिळवलेली एक सोंगटी परत बोर्डावर येते. या दंडाला स्पर्धांत ड्यू म्हणतात. घरी बहुतेक जण त्याला फाइन म्हणतात. चौथा प्रकार खरा भांडणाचा आहे: आपली सोंगटी आणि स्ट्रायकर दोन्ही एकाच फटक्यात गेले. अशा वेळी नुकतीच पडलेली ती सोंगटी परत येते, कारण स्ट्रायकरसह पडलेली सोंगटी मिळाली असे मानत नाहीत. तिच्यासोबत दंडाची आणखी एक सोंगटी येते. आणि तरीही पाळी त्याच खेळाडूकडे राहते, कारण त्याची सोंगटी पॉकेटपर्यंत पोचली होती. आपल्याकडे कोणी एक काढते आणि कोणी दोन, ते यामुळेच होत असावे. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते निरनिराळ्या प्रसंगांचे आहेत: एकटा स्ट्रायकर गेला तर एक, आणि सोंगटीसह गेला तर पडलेली धरून दोन.

याच्या जोडीला प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीचा नियम लक्षात ठेवावा. आपल्या फटक्याने त्याची सोंगटी पडली तर ती पडलेलीच राहते, त्याचा तेवढा फायदा होतो आणि आपली पाळी संपते. पण त्यासाठी वेगळा दंड नसतो. तिच्यासोबत आपलीही एखादी पडली असेल तर पाळी चालूच राहते. प्रतिस्पर्ध्याची सोंगटी पाडली म्हणून आपली एक बाहेर काढायची, ही पद्धत बऱ्याच घरांत आहे, परंतु नियमांत तिला आधार नाही. याला अपवाद एकच, तो प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या सोंगटीचा. त्याकडे मी शेवटी येतो.

दंडाची सोंगटी कोण ठेवतो आणि कोठे ठेवतो, याकडे घरी कोणी फारसे लक्ष देत नाही. ती ज्याला दंड झाला त्याने नव्हे, तर त्याच्या प्रतिस्पर्ध्याने ठेवायची असते, आणि मधल्या मोठ्या वर्तुळाच्या आत कोठेही, सपाट बसेल अशी. साहजिकच तो ती अशा जागी ठेवील की समोरच्याला ती घेणे अवघड जावे, एखाद्या दुसऱ्या सोंगटीच्या आड किंवा पॉकेटकडे जाणारी रेघ अडलेली असेल तेथे. आणि तसा त्याचा हक्कच आहे. लहान मुले बहुधा आपली सोंगटी स्वतःच उचलून सोयीच्या जागी ठेवतात. त्यांना रागावण्याऐवजी हा नियम एकदा समजावून सांगावा. डावाच्या सुरुवातीलाच स्ट्रायकर गेला आणि परत द्यायला अजून एकही सोंगटी मिळालेली नसेल, तर दंड माफ होत नाही. तो बाकी राहतो आणि पहिली सोंगटी मिळताच वसूल केला जातो.

आता राणी. राणी घेण्याचा हक्क आपली किमान एक सोंगटी पॉकेटमध्ये गेल्यानंतरच मिळतो. त्याआधी ती पडली, मग ती चुकून पडलेली का असेना, तर ती मध्यावर परत ठेवतात आणि पाळी संपते. हक्क मिळाल्यावर घेतलेली राणी मात्र लगेच आपली होत नाही. राणी घेतल्याने पाळी चालू राहते, म्हणजेच कव्हर देण्यासाठी एक फटका मिळतो, आणि त्या एकाच फटक्यात आपली सोंगटी पडली पाहिजे. पडली की राणी कव्हर झाली, आणि मग पुढे कितीही दंड झाले, कितीही पाळ्या गेल्या, तरी राणी बोर्डावर परत येत नाही. दंडात नेहमी आपल्या रंगाचीच सोंगटी द्यायची असते. कव्हर झालेली राणी दंड म्हणून देता येत नाही आणि कोणी मागूही नये.

राणी आणि आपली सोंगटी एकाच फटक्यात पडल्या तर ते कव्हर धरले जाते. आधी राणी पडली की आधी सोंगटी, हे पाहण्याची गरज नसते. कव्हर देताना आपल्या सोंगटीबरोबर प्रतिस्पर्ध्याचीही एखादी पडली तरी कव्हर ग्राह्य असते. मात्र कव्हरच्या फटक्यात केवळ प्रतिस्पर्ध्याचीच सोंगटी पडली तर ते कव्हर नव्हे: राणी परत जाते, पाळी संपते आणि पडलेली ती सोंगटी त्याच्या खात्यात राहते. दोन-दोनच्या जोडीने खेळताना कित्येकांना वाटते की आपण राणी घ्यावी आणि समोर बसलेल्या जोडीदाराने आपल्या पाळीत कव्हर द्यावे. तसे चालत नाही, कारण कव्हरचा फटका राणी घेतल्यानंतरचा लगेचचा आहे आणि तो राणी घेणाऱ्याच्याच हातात असतो.

परत आलेली राणी बोर्डाच्या अगदी मधल्या लहान वर्तुळात ठेवतात, आणि तीही प्रतिस्पर्धीच ठेवतो. त्या वर्तुळावर दुसरी सोंगटी थोडी सरकून बसली असेल, तर तिला न हलवता वर्तुळाचा जेवढा भाग मोकळा असेल तो जास्तीत जास्त झाकला जाईल अशा रीतीने राणी ठेवावी. येथे दंडाच्या सोंगटीसारखी सोयीची जागा निवडण्याची मोकळीक नाही.

एवढे समजले की एक प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहावा, आणि शक्य असेल तर खरोखर बोर्ड मांडून, कारण वाचून पटलेला नियम सोंगट्या हलवून पाहिल्यावरच हातात बसतो. समजा, आपले सासरे पांढऱ्याने खेळत आहेत आणि भाचा काळ्याने. सासऱ्यांच्या ४ पांढऱ्या गेल्या आहेत, ५ बोर्डावर आहेत. भाच्याच्या २ काळ्या गेल्या आहेत, ७ बोर्डावर आहेत. सासरे राणी घेतात. त्यांच्या सोंगट्या आधीच गेलेल्या असल्याने हक्क आहे, म्हणून पाळी चालू राहते. कव्हरसाठी ते समोरच्या उजव्या पॉकेटच्या तोंडाशी असलेली पांढरी निवडतात, जोर थोडा अधिक होतो, सोंगटी पडते आणि तिच्यामागोमाग स्ट्रायकरही आत जातो.

आता निकाल एकेक करून लावू. पहिला प्रश्न पाळीचा: त्यांची सोंगटी पडली आहे, म्हणून पाळी त्यांचीच. दुसरा प्रश्न दंडाचा: स्ट्रायकर पडला आहे, म्हणून नुकतीच पडलेली पांढरी परत येईल आणि आधीच्या चारांपैकी एक दंड म्हणून येईल. त्यांच्याकडे आता ३ राहिल्या आणि बोर्डावर ६ झाल्या. तिसरा प्रश्न राणीचा: जी सोंगटी कव्हर म्हणून मोजायची तीच परत आली आहे, तेव्हा कव्हर झाले नाही आणि राणी मध्यावर जाईल. भाचा राणी मध्यावर ठेवील, दोन पांढऱ्या मोठ्या वर्तुळात आपल्या सोयीने ठेवील, आणि मग सासरे पुढचा फटका मारतील. त्यांना पुन्हा राणी घेण्याचा प्रयत्न करता येईल, कारण पाळी गेलेली नाही. कव्हरच्या फटक्यात सोंगटी न पडता एकटा स्ट्रायकर पडला असता तर राणी परत, एक पांढरी दंडात आणि पाळीही गेली, असे तिहेरी नुकसान झाले असते.

समजा, पुढचा फटका चुकला आणि भाच्याची पाळी आली. त्याच्या फटक्यात राणी आणि एक काळी एकदम पडते. राणी कव्हर झाली, त्याच्या ३ गेल्या आणि ६ राहिल्या. त्याची पाळी चालू आहे, पण पुढच्या फटक्यात काळीऐवजी पांढरी पडते. ती पांढरी पडलेलीच राहील, म्हणजे सासऱ्यांच्या ४ झाल्या आणि बोर्डावर ५ राहिल्या. भाच्याची पाळी संपली, दंड नाही, आणि राणीला यामुळे काहीही होत नाही, कारण तिचे कव्हर आधीच झाले आहे. याच ठिकाणी सासरे कदाचित म्हणतील की राणी परत काढा. पण तो हक्क एका फटक्यापूर्वीच संपला.

फाउलबद्दल आता लिहितो. स्ट्रायकर पडणे हा फटक्याचा परिणाम आहे. फाउल बहुधा फटका मारण्याच्या पद्धतीत होतात आणि घरच्या खेळात ते सर्वाधिक दुर्लक्षिले जातात. त्यांतला पहिला स्ट्रायकर ठेवण्याचा. आपल्या बाजूला ज्या दोन समांतर रेघा असतात त्या दोन्ही रेघांना स्ट्रायकर टेकला पाहिजे. फक्त पुढच्या रेघेवर सरकवून ठेवला तर सोंगटी जवळ येते खरी, परंतु ते चालत नाही. रेघांच्या टोकांना जी लाल वर्तुळे असतात त्यांच्या बाबतीत स्ट्रायकरने एक तर ते वर्तुळ पूर्ण झाकावे किंवा त्याला अजिबात शिवू नये. अर्धे वर्तुळ झाकणे हा फाउल आहे, आणि नवशिक्यांकडून तो हमखास होतो, कारण कोपऱ्यातील सोंगटीचा कोन नेमका तेवढ्या अर्ध्या वर्तुळावरूनच सोपा दिसतो. बोर्डाकडे वरून पाहिले की हे चटकन लक्षात येते. खेळणाऱ्याला तिरपे पाहताना दिसत नाही, म्हणून शेजारी बसलेल्या एकाने त्यावर नजर ठेवावी.

दुसरा फाउल ढकलण्याचा. स्ट्रायकर बोटाने टिचकी देऊन मारायचा असतो. बोट स्ट्रायकरला चिकटवून पुढे नेले तर तो ढकलला गेला. ओळखण्याची खूण अशी की टिचकीत बोट सुटते आणि स्ट्रायकर बोटाच्या पुढे निघून जातो, तर ढकलण्यात बोट आणि स्ट्रायकर काही अंतर सोबत जातात. अगदी लहान मुलांची नखे दुखतात म्हणून ती ढकलतात; त्यांना पहिले काही दिवस सूट द्यायला हरकत नाही, पण मोठ्यांनी ती घेऊ नये. अंगठ्याने मारणे फाउल आहे, असे बऱ्याच घरांत ठामपणे सांगितले जाते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अंगठ्यासह कोणत्याही बोटाने मारता येते, आणि आपल्या बाजूला, रेघेच्या मागे अडकलेल्या सोंगटीवर उलट्या दिशेने मारायलाही मनाई नाही, मात्र स्ट्रायकर त्या दोन रेघांमधून बाहेर पडला पाहिजे. मागची सोंगटी समोरच्या कडेवर आपटून परत येणाऱ्या स्ट्रायकरनेच घ्यायची, अशी घरची अट असेल तर ती मजेची आहे आणि हात तयार करणारीही. परंतु ती घरची अट आहे हे पाहुण्यांना आधी सांगावे.

तिसरा फाउल स्पर्शाचा: स्ट्रायकर सोडून बोर्डावरील कोणत्याही सोंगटीला हात, बाही किंवा बांगडी लागणे. नेम धरताना तळहाताखालची सोंगटी सरकते आणि खेळणाऱ्याला कळतही नाही. असे झाले तर पाळी जाते आणि एक सोंगटी दंड म्हणून द्यावी लागते. राणी घेऊन झाली आहे आणि कव्हरचा फटका मारण्यापूर्वी असा स्पर्श झाला, तर पाळीच गेल्याने कव्हर देण्याची संधीही जाते आणि राणी मध्यावर परत येते. या नियमाचा राग पुष्कळांना येतो, पण मी स्वतः तो घरच्या खेळातही पाळावा अशा मताचा आहे, कारण बोर्डावरील मांडणी हाच खेळाचा आधार आहे आणि ती एकदा हलली की पूर्वीच्या जागेवर अचूक आणता येत नाही. याउलट, फटक्याच्या जोराने एखादी सोंगटी उडून बोर्डाबाहेर पडली तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ती सोंगटी मध्यावर ठेवतात, आणि पाळीचा निकाल नेहमीप्रमाणे आपली सोंगटी पॉकेटमध्ये गेली की नाही यावरूनच लावतात.

खुर्चीवरून उठून किंवा खुर्ची सरकवून कोन साधणे नियमात बसत नाही. स्पर्धेत एका फटक्याला १५ सेकंद मिळतात. घरी घड्याळ लावू नये, पण आठवण करून देण्यापुरता हा आकडा उपयोगी पडतो. जोडीने खेळताना जोडीदाराला तोंडाने किंवा खुणेने सुचवणेही स्पर्धेत मना आहे. घरी ते कितपत पाळायचे हे आपण ठरवावे.

आता डावाच्या शेवटाचा नियम, जो माहीत नसल्याने जिंकत आलेला डाव हातचा जातो. राणी बोर्डावर असताना आपली शेवटची सोंगटी पाडली तर आपण डाव हरतो. सोंगटी परत काढून खेळ पुढे चालू ठेवायचा, असे घरी बऱ्याचदा करतात, पण नियमात तशी सवलत नाही. म्हणून आपल्या दोन सोंगट्या उरल्या आणि राणी अजून बोर्डावर असली, तर त्या दोहोंपैकी एक घेण्यापूर्वी थांबून विचार करावा. एक घेतली की उरलेली शेवटची सोंगटी ही केवळ कव्हरसाठी राखीव होते. तिच्याआधी राणी पडलीच पाहिजे, आणि राणीनंतर लगेचच्या फटक्यात तीच पडली पाहिजे. शेवटची सोंगटी राणी घेतल्यावर सहज मिळेल अशा जागी नसेल, तर दोन शिल्लक असतानाच राणीचा प्रयत्न करावा, म्हणजे कव्हरसाठी निवड राहते. राणी आणि शेवटची सोंगटी एकाच फटक्यात पडल्या तर डाव रीतसर जिंकला जातो.

वर सांगितलेला अपवाद असा: प्रतिस्पर्ध्याची शेवटची सोंगटी आपल्या हातून पडली तर डाव त्याचा होतो. राणी कव्हर झालेली असली तरीही तो जिंकतो, आणि राणी बोर्डावर असली तरीही तोटा पाडणाऱ्याचाच होतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची एकच सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी उभी असेल तेव्हा त्या पॉकेटच्या दिशेने जोराचा फटका मारणे हा मोठा धोका आहे, मग आपली सोंगटी तेथे कितीही सोपी दिसत असो.

राहिला गुणांचा हिशेब. डाव जिंकणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या बोर्डावर उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा १ गुण मिळतो, आणि राणी त्यानेच कव्हर केली असेल तर तिचे ३ गुण अधिक. वरच्या प्रसंगात भाचा जिंकला आणि पांढऱ्या २ उरल्या, तर त्याला २ आणि ३ मिळून ५ गुण. उलट सासरे जिंकले आणि काळ्या ४ उरल्या, तर सासऱ्यांना फक्त ४ गुण. राणीचे ३ गुण त्यांना नाहीत, कारण त्यांनी ती कव्हर केली नाही, आणि भाच्यालाही नाहीत, कारण तो डाव हरला. जो आधी २५ गुण करील तो, अथवा ८ डाव झाल्यावर ज्याचे गुण अधिक असतील तो, पूर्ण खेळ जिंकतो. यातही एक अट आहे जी घरी क्वचितच कोणाला ठाऊक असते: ज्याचे गुण २२ किंवा त्याहून अधिक झाले आहेत त्याला राणीचे ३ गुण मिळत नाहीत. त्यालाही डाव संपवायचा तर राणी बोर्डावरून गेलेली असावीच लागते, मग ती त्याने घेवो किंवा प्रतिस्पर्ध्याने. परंतु त्याचे उरलेले गुण प्रतिस्पर्ध्याच्या शिल्लक सोंगट्यांमधूनच यावे लागतात. म्हणून २२ गुणांवर असलेल्या खेळाडूने समोरच्याच्या ३ सोंगट्या बोर्डावर असतानाच डाव संपवण्याचा प्रयत्न करावा. दोनच उरल्या असतील तर तो २४ वर थांबेल आणि आणखी एक डाव मांडावा लागेल.